पिचमधल्या ‘आस्क’ला मराठीत काय म्हणायचं?

गोदाकाठ: भाची निफाडकडची. कांदाचाळीत बसवायचं यंत्र तिने आणि तिच्या मित्राने बनवलंय. परवा एका स्पर्धेत ३० सेकंदांत मराठीतून पिच, म्हणजे आपल्या धंद्याची मांडणी, करायची होती: प्रॉब्लेम, सोल्यूशन आणि आस्क, म्हणजे गुंतवणूकदाराकडून किती पैसे हवेत ते. मीच भाषांतर करून दिलं, ‘समस्या, समाधान, मागणी’. शेवटचं वाक्य होतं, “आमची मागणी २५ लाख.” परीक्षकांनी विचारलं, “वा, इतक्या ऑर्डरी कुणाकडून आल्या?” ती गडबडली आणि वेळ संपली. चूक माझीच, रात्रभर लागून राहिलं. दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा: पहिली चूक ‘समाधान’. ते हिंदीतलं. मराठीत समाधान जेवल्यावर होतं, अडचणीवर निघतो तो उपाय. ‘तोडगा’ही नको, तो भांडणात काढतात. आस्कसाठी ‘आर्जव’ घ्या. अर्ज याच शब्दावरून आलाय, सभ्य आहे.

माईणकर: अर्ज अरबीतून फारसीमार्गे आला. आर्जव संस्कृत, ‘ऋजु’वरून, मूळ अर्थ सरळपणा. दोघांचं नातं नाही.

शब्दवेडा: बरं, मान्य. पण ‘मागणं’ हे ‘मागे लागणं’वरून आलंय एवढं तरी खरं ना?

माईणकर: अर्धं खरं. मागणं येतं ‘मार्ग’ धातूवरून, म्हणजे शोधणं. ‘माग काढणे’मधला माग त्याच घरचा, आणि ‘मागे’ही. पण मागे लागण्यावरून मागणं निघालं नाही.

जुना_बँकवाला: मागणीत वाईट काय? आमच्या शाखेत ‘कर्जमागणी अर्ज’ असंच छापलेलं असायचं. बचत गटाच्या बायका येऊन म्हणायच्या, “साहेब, ५० हजारांची मागणी आहे.” कुणाचाही गोंधळ झाला नाही.

माईणकर: कारण तुमच्या टेबलासमोर बसलेली बाई कर्जालाच आलेली असायची. धंद्याची गोष्ट सुरू असताना मागणी म्हटलं की आधी बाजारातली मागणीच कानात येते.

स्वाती_पुणे: मी काही वर्षं अशा पिच ऐकतेय, म्हणून सांगते. गोदाकाठ, नाम शोधूच नका. बोलताना क्रियापद वापरा, ‘हवेत’. आणि भाचीचा खरा घोटाळा शब्दाचा नव्हता. नुसता आकडा सांगितला की ऐकणारा त्याचा अर्थ स्वतः लावतो. रक्कम, ती कशावर खर्च होणार आणि त्यातून काय सिद्ध होणार, हे एकाच वाक्यात यायला हवं. मजकूर टाका बरं.

गोदाकाठ: हा घ्या. “महाराष्ट्र हे कांदा उत्पादनात अग्रेसर राज्य असून साठवणुकीतील नुकसान ही गंभीर समस्या आहे. आमचे नावीन्यपूर्ण समाधान सेन्सरवर आधारित असून…” पुढे यंत्राचीच माहिती, मग मागणी.

स्वाती_पुणे: पहिलं वाक्य परीक्षकांना आधीच ठाऊक आहे, ७-८ सेकंद तिथेच गेले. मी असं लिहीन:

“लासलगावच्या आसपास शेतकरी एप्रिलमध्ये कांदा चाळीत भरतो. आत सड लागली, हे वास आल्यावरच त्याला कळतं. आमचं यंत्र आतला ओलावा आणि वायू मोजून आधीच फोनवर कळवतं. २० चाळींत ते चालू आहे. आणखी १०० चाळींत एक हंगाम चालवून पाहायला २५ लाख हवेत. पुढच्या आठवड्यात २० मिनिटं द्याल?”

२० हा आकडा मी धरलाय, खरा असेल तो घाला. पंचेचाळीस शब्द झाले. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मराठी शब्द प्रत्ययांनी लांबतात, ७० शब्द भरले तर धाप लागते.

जुना_बँकवाला: तारण काय देणार, ते कुठेच नाही?

स्वाती_पुणे: काका, हे कर्ज नाही, भांडवल आहे. बदल्यात हिस्सा जातो. पण किती टक्के, ते ३० सेकंदांत काढायचं नाही, पुढची सगळी बोलणी तिथेच अडकतात. म्हणून शेवटी मागितलीत ती २० मिनिटं. अशी पिच लिफ्टमधल्या भेटीत उरकेल एवढीच असते, आणि लिफ्टमध्ये भेटलेला माणूस उभ्या उभ्या पैसे देत नाही, वेळ देऊ शकतो.

शब्दवेडा: लिफ्ट नव्हे, उद्वाहक.

माईणकर: आमच्या इमारतीत तशी पाटी आहे. बंद पडली की सगळे “लिफ्ट बंद” असंच ओरडतात.

शब्दवेडा: वापरलाच नाही तर रुळेल कसा? ‘महापौर’ही एकेकाळी नवाच होता.

गोदाकाठ: स्वातीताई, आत्ता भाचीला फोनवर वाचून दाखवलं. २७ सेकंद. त्यांची यंत्रं २० नव्हे, १४ चाळींत आहेत, तोच आकडा घालतोय. पण स्लाइडवर मथळा लागतोच. तिथे ‘हवेत’ कसं लिहू?

शब्दवेडा: ‘साकडं’ लिहा.

माईणकर: साकडं देवाला घालतात. मूळ ‘संकट’. गुंतवणूकदारापुढे आपणच अडचणीत आहोत असं कशाला सांगायचं? ‘अपेक्षा’ चालेल.

स्वाती_पुणे: ‘अपेक्षा’ फार सौम्य वाटतं. मी ‘आम्हाला काय हवं’ लिहिलेलं पाहिलंय, ते कळतं.

शब्दवेडा: तो मथळा नव्हे, प्रश्न झाला.

लालबागची_मुलगी: मला एक कळलं नाही. चाळीत कांदे भरतात म्हणजे? भाडेकरू कुठे जातात?

गोदाकाठ: अरेरे! पुढची फेरी मुंबईतच आहे. सगळीकडे ‘कांदाचाळ’ करतो.