मदत हवी आहे: काटकोन त्रिकोणी पाटीचं दाबकेंद्र आडवं नेमकं कुठं?

मंडळी, खानापूरकडच्या शेततळ्यासाठी उभी त्रिकोणी पाटी बसवायची आहे. टोक पाण्याच्या पृष्ठभागावर, तळाचा पाया b = 1.2 मी, उंची h = 2 मी. एक बाजू उभी, बिजागरी तिच्यावरच. दुसरीकडं कोरडं.

बल ρgbh²/3 = 15.7 kN, खोली 3h/4 = 1.5 मी, हे दोन्ही इंटिग्रेशननं ताडलंय. अडतंय आडव्या अंतराला. प्रत्येक आडव्या पट्टीवर दाब सारखाच, म्हणून दाबकेंद्र मध्यगेवर, बिजागरीपासून 3b/8 = 0.45 मी. गुरुत्वमध्य मात्र 0.40 वर. Ixy = b²h²/72 उणे घेतलं तर 0.35 येतं, आणि बिजागरीचा मोमेंट 7.1 ऐवजी 5.5 kN·m, म्हणजे पाटी कमकुवत ठरेल.

x बिजागरीपासून आणि y खाली मोजला, तर Ixy अधिकच धरायचं ना?