महिन्याच्या ग्राहक-मेलमध्ये बटण एकच असावं का?

नवीकोरी_इंटर्न: पुण्यात लाकडी घाण्याचं तेल विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत कंटेंट इंटर्न आहे. दर महिन्याला साधारण ३,८०० ग्राहकांना मेल जातो, ऑक्टोबरचा मला लिहायचाय. मालकांना त्यात पाच गोष्टी हव्यात: दिवाळीची ऑर्डर, नवीन तीळतेल, करडईवरचा लेख, 'मित्राला सांगा' योजना आणि इन्स्टाग्राम. माझी सीनियर म्हणते, बटण एकच ठेव. विषयाची ओळ सध्या 'ऑक्टोबर न्यूजलेटर: बरंच काही खास!' अशी आहे. कोणाचं ऐकू?

टपालहंशील: सीनियरचं. पण आधी ती विषयाची ओळ काढ. इनबॉक्समध्ये तारीख दिसते, कंपनीचं नाव दिसतं, म्हणजे 'ऑक्टोबर' फुकट गेला. 'न्यूजलेटर' वाचून कुणी मेल उघडत नाही. उरलं 'बरंच काही खास', ते तर प्रत्येक दुकानाच्या पाटीवर असतं.

मी उलट्या टोकाने लिहितो. पहिल्यांदा बटण. या मेलनंतर ग्राहकाने नेमकं काय केलं की मालक खूश होतील? ऑक्टोबरात उत्तर उघड आहे: फराळासाठी तेल मागवणं. मग बटणावर 'इथे क्लिक करा' नको, 'फराळाचं तेल मागवा' लिही. विषयाची ओळ त्याच बटणाचं कारण सांगते. कुरिअरवाल्याला विचारून शेवटची तारीख पक्की कर. समजा ती १४ ऑक्टोबर निघाली, तर:

विषय: फराळाचं तेल १४ ऑक्टोबरपर्यंत मागवा
त्याखालची ओळ: नंतरची पार्सलं लक्ष्मीपूजनाआधी पोचतीलच असं नाही

ही दुसरी ओळ बरेच जण रिकामी सोडतात. मग मेल अॅप मजकुरातले पहिले शब्द उचलतं आणि ग्राहकाला दिसतं 'हा मेल नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये उघडा'. फोनवर विषयाची ओळही मध्येच तुटते, म्हणून 'फराळाचं तेल' अगदी सुरुवातीला.

दुकानदार_नाशिक: हे पुस्तकी झालं. मी स्वतः मसाले विकतो. गिऱ्हाईक हळद घ्यायला येतं आणि गोडा मसाला घेऊन जातं. एकच बटण म्हणजे दुकानात एकच डबा मांडून बसणं. आणि तारखेबिरखेचं कुणाला पडलंय? माझी 'हे तुम्ही विसरलात का?' ही ओळ ४५ टक्के लोकांनी उघडली. उत्सुकता चाळवली पाहिजे.

टपालहंशील: उघडून पुढे मागवलं किती जणांनी? उघडण्याचा आकडा फसवा असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ आलं, तेव्हापासून आयफोनच्या मेल अॅपमध्ये ती गोपनीयतेची सोय चालू असेल तर चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. मेल उघडल्याची नोंद त्यातलं चित्र उतरलं की होते, म्हणून माणसाने मेल पाहिलाही नाही, तरी हिशेबात तो 'उघडला' जातो.

दुकानदार_नाशिक: माझे निम्म्याहून जास्त ग्राहक अँड्रॉइडवर जीमेल वापरतात. तिथे हे लागू नाही.

टपालहंशील: बरोबर, तुमच्याकडे फुगवटा कमी असेल. तरी दर महिन्याला 'काय विसरलात' म्हणून बोलावलं आणि आत नेहमीचाच माल निघाला, तर चौथ्या महिन्याला माणूस उघडत नाही, नाहीतर 'स्पॅम' दाबतो. ते जास्त महागात पडतं. तशा तक्रारी वाढल्या की जीमेल तुमचे बाकीचे मेलही स्पॅममध्ये टाकायला लागतं, त्यात ऑर्डरची पावतीसुद्धा आली.

सुगरण_सांगली: चकलीला करडईपेक्षा शेंगदाणा तेलच बरं हो, असा माझा अनुभव. आणि मेल कोण वाचतं? आमच्या बचतगटाच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात. फोटो टाकला की झालं.

नवीकोरी_इंटर्न: काकू, व्हॉट्सअॅपचं काम दुसऱ्या टीमकडे आहे, माझ्याकडे फक्त मेल. पण फोटोवरून आठवलं, आमच्या डिझायनरने सगळा मेल एकाच पोस्टरसारखा केलाय. बटणसुद्धा चित्रातच आहे.

रात्रपाळी_डिझायनर: ते करू नकोस गं. नेट मंद असलं की पोस्टर येईपर्यंत पांढरी पाटी दिसते. आणि ऑफिसच्या मेलवर चित्रं बंद असतील तर ना तारीख, ना बटण. मजकूर मजकूर म्हणूनच टाइप कर, बटण खरं बटण असू दे, चित्र फक्त बाटलीचं. पाठवण्याआधी स्वतःच्या फोनवर चित्रं बंद करून बघ. तरीही काय मागवायचं आणि कधीपर्यंत ते कळलं तर मेल पास.

अजून एक. वर्डमधून मजकूर चिकटवला की सोबत फॉरमॅटिंगचा कचरा येतो. १०२ केबीच्या पुढे जीमेल मेल कापतं आणि खालचा भाग एका लिंकमागे लपतो. देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे मराठी मेल ती हद्द इंग्रजीपेक्षा लवकर गाठतो. कापलं गेलं की सदस्यत्व रद्द करायची लिंकच गायब, आणि मग वैतागलेला माणूस 'स्पॅम'च दाबणार.

दुकानदार_नाशिक: ठीक, पोस्टर नको. पण मूळ प्रश्न तसाच आहे. वर्षात मेल बारा. एका मेलला एकच गोष्ट, तर तीळतेलाची पाळी कधी? संक्रांतीला?

टपालहंशील: थट्टा करताय, पण संक्रांत खरंच बरी! जानेवारीत तिळाचं नाव आपोआप निघतं. 'मित्राला सांगा' या मेलमध्ये नकोच. बाटली घरी पोचल्यावर आठवड्याने जो आपोआप मेल जातो त्यात घाला, तेव्हा माणसाने तेल चाखलेलं असतं. इन्स्टाग्राम तळाला छोटं चिन्ह म्हणून. करडईचा लेख मजकुरातल्या एका वाक्यात साधी लिंक म्हणून चालेल. एक बटण म्हणजे एकच लिंक असा अर्थ नाही. तेच बटण वर एकदा, खाली एकदा दिलं तरी काम एकच राहतं.

आणि इंटर्नबाई, ज्यांनी या महिन्यात तेल आधीच मागवलंय त्यांना यादीतून वगळ. ऑर्डर दिलेल्या माणसाला 'लवकर मागवा' सांगितलं की तो घाबरून फोन करतो, 'माझी ऑर्डर गेली नाही का?'

दुकानदार_नाशिक: हे वगळण्याचं पटलं. एक बटण नाही पटलं. निम्म्या लोकांना एक बटण, निम्म्यांना तीन, असं पाठवून बघा ना.

टपालहंशील: १,९०० आणि १,९०० लोक. एकीकडे ४६ जणांनी मागवलं आणि दुसरीकडे ३८ जणांनी, तर त्यावरून काहीच ठरत नाही, तेवढा फरक नशिबानेही पडतो. सहा महिने सारखं तसंच पाठवलंत तर काही दिसेल.

नवीकोरी_इंटर्न: मालकांना विचारलं, 'ग्राहकाने एकच गोष्ट करायची तर कुठली?' लगेच 'दिवाळीची ऑर्डर' म्हणाले. तीळतेलाचं मात्र सोडत नाहीत. म्हणतात, माल गोदामात पडून आहे, जानेवारीपर्यंत थांबणार नाही. आता?

दुकानदार_नाशिक: बघा! माल पडून असला की सगळी तत्त्वं गुंडाळावी लागतात. दुसरं बटण टाका.

टपालहंशील: बटण नको. ऑर्डरच्या पानावर ठेवा, 'यासोबत तीळतेलाची छोटी बाटली घ्या' म्हणून. फराळाचं तेल घ्यायला आलेलाच माणूस ती बघेल.

सुगरण_सांगली: छोटी बाटली केवढ्याची? चटणीला लागतं मला.