प्रतिसाद: अख्खी पाकळी गिळून बीपी उतरतं का?

"रोज सकाळी लसणाची अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळतो, मग बीपीची गोळी बंद केली तर चालेल ना?"

गोळी बंद करू नका, आणि बीपी उतरवण्याचं श्रेय लसणातल्या ज्या घटकाला देतात ते अ‍ॅलिसिन पाकळी अख्खी गिळून फारसं मिळतच नाही. अख्ख्या लसणात अ‍ॅलिसिन नसतंच जवळपास, त्यात अ‍ॅलिइन असतं आणि ते फोडणारं अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम पेशीतच वेगळ्या कप्प्यात बंद असतं, ठेचलं की पेशी फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि काही सेकंदांतच अ‍ॅलिसिन बनायला लागतं, तो झणझणीत वास त्याचाच. गिळलेली पाकळी पोटात गेली की तिथल्या अ‍ॅसिडने एन्झाइमच निकामी होतं. उष्णतेचंही तेच, म्हणून अख्ख्या पाकळ्या थेट गरम तेलात टाकण्यापेक्षा ठेचून दहा मिनिटं ठेवा आणि मग टाका.

पण इथे कुणी लिहिलं नाही ते हे, की बीपीवरचे अभ्यास बहुतेक कच्च्या लसणावर नाहीतच, ते लसूण पावडरच्या गोळ्यांवर किंवा महिनोन्‌महिने मुरवलेल्या अर्कावर झालेत, आणि त्या मुरवलेल्या अर्कात अ‍ॅलिसिन जवळजवळ उरतच नाही, तरी बीपी उतरलेलं दिसलं! म्हणजे सगळं श्रेय अ‍ॅलिसिनला देता येत नाही. 2008 साली ऑस्ट्रेलियात अशा अनेक चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात ज्यांचं बीपी आधीच जास्त होतं त्यांचं वरचं सरासरी 8 ने उतरलं, नॉर्मलवाल्यांना खास फरक नाही. चाचण्या लहान आणि थोड्या महिन्यांच्या आहेत. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रोज कच्चा लसूण खाताय हे डॉक्टरांना नक्की सांगा.