मदत हवी आहे: जुन्या पोस्टरवर मित्राचा चेहरा बसवताना ठिपके जुळत नाहीत

चार रंगांत छापलेलं जुनं पोस्टर ६०० डीपीआयला स्कॅन केलंय. त्यातल्या नायकाच्या जागी मित्राचा चेहरा बसवायचाय, आणि तो त्याच छपाईतून निघाल्यासारखा दिसला पाहिजे.

काळ्या ठिपक्यांमधलं अंतर ९ पिक्सेल, म्हणजे इंचाला साधारण ६७ ओळी. कोन ४५ अंश. मित्राचा फोटो सीएमवायकेत नेऊन चारही चॅनल वेगळे केले, प्रत्येकाला त्याच्या कोनात मोजून जाळी दिली. जुना चेहरा पुसून तिथे कोऱ्या कडेचा कागद भरला आणि चारही थर मल्टिप्लायवर ठेवले. त्यामुळे ठिपक्यांमधून पिवळट कागद छान दिसतो.

मूळ छपाईत निळा रंग ३ पिक्सेल उजवीकडे सरकलाय, कॉलरच्या कडेला ते स्पष्ट दिसतं. तेवढाच निळा थर सरकवला. तेही जुळलं.

अडलंय ते ठिपक्यांच्या कडांवर. मूळ शाई कागदात पसरलेली आहे, गडद भागात ठिपके एकमेकांना चिकटलेत. माझे मात्र कापल्यासारखे धारदार. १ पिक्सेल ब्लर देऊन लेव्हल्सने कडा परत घट्ट केल्या, तर सावल्या ठीक झाल्या, पण गालावरचे बारीक ठिपके नाहीसे झाले आणि उजेडाचा भाग सपाट पडला.

शाईचा हा पसारा जाळी देण्याआधीच, फोटोचे मधले टोन कर्व्ह्जने गडद करून आणावा का? की जाळीनंतर सावल्या आणि उजेड मास्क लावून वेगळे हाताळावेत? कुणी असं काम केलं असेल तर क्रम नक्की सांगा.