हक्क राहिला, पण दाद कुठे मागायची?

«जीविताचा हक्क कधीच स्थगित करता येत नाही, मग आणीबाणीत धोका काय उरतो?»

धोका उरतो तो दाद मागण्याच्या वाटेवर. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम ४ जीवित, छळापासून संरक्षण, गुलामगिरीस मनाई अशा काही हक्कांना हात लावू देत नाही. पण अटकेची वैधता न्यायालयाकडून तपासून घेण्याचा हक्क, म्हणजे कलम ९, त्या यादीत नाही. ही उणीव किती घातक ठरू शकते, हे आपल्याकडे १९७६ मध्ये, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयात दाद मागता येते का या प्रश्नावरच्या सर्वोच्च न्यायालयातील जबलपूर खटल्यात दिसले. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तरी दाद मागता येणार नाही का, असे न्या. खन्ना यांनी विचारले, तेव्हा आणीबाणी असेपर्यंत येणार नाही, असे सरकारच्या महान्यायवादींना कबूल करावे लागले. तरीही चार विरुद्ध एक अशा बहुमताने सरकारचीच बाजू उचलून धरली गेली. विरोधी मत एकट्या खन्नांचे होते.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २००१ मध्ये स्पष्ट केले, की यादीत नाव नसले तरी स्थानबद्धतेची वैधता तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेता येत नाही, कारण त्यावाचून यादीतले हक्कही राखता येत नाहीत. आपल्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर अनुच्छेद २० आणि २१ स्थगितीच्या कक्षेबाहेर काढले, आणि २१ मध्ये जीविताबरोबर व्यक्तिस्वातंत्र्यही येत असल्याने या मुद्द्यावर आपली घटना कराराच्या शब्दांपेक्षा पुढे आहे, असे माझे ठाम मत आहे.