‘रद्द यादीत नाव घालावे’ : दवाखान्याला पाठवायच्या चिठ्ठीतील शब्द

राजारामपुरीकर : दाताच्या दवाखान्यात रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगसाठी मला मंगळवार, दि. १८ रोजी दुपारी साडेचारची वेळ मिळाली आहे. परंतु नेमक्या त्याच दुपारी महाविद्यालयात परीक्षेच्या पर्यवेक्षणाचे काम लागले आहे, म्हणून त्याऐवजी गुरुवार, दि. २७ ची वेळ मागायची आहे. दवाखान्याच्या व्हॉट्सॲपवर मराठीत चिठ्ठी पाठवायची आहे, त्यासाठी पुढील मसुदा केला : ‘वेळांच्या संघर्षामुळे माझी अपॉइंटमेंट पुढे घ्यावी व माझे नाव रद्द यादीत समाविष्ट करावे, ही विनंती.’ वाक्य व्याकरणाला धरून आहे, तरी वाचताना अडखळायला होते. ‘क्लॅश’ आणि ‘कॅन्सलेशन लिस्ट’ या दोहोंसाठी रुळलेले शब्द कोणते?

शाहूपुरीकर : ‘संघर्ष’ हा शब्द मोर्चाला शोभतो, दोन कामे एकाच वेळी येण्याला नव्हे. शासकीय पत्रव्यवहारात अशा ठिकाणी ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहितात आणि ते पुरेसे असते. अपॉइंटमेंटला ‘भेटीची वेळ’ म्हणावे. कॅन्सलेशन लिस्टला ‘प्रतीक्षायादी’ हा शब्द रेल्वेमुळे सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ‘माझे नाव प्रतीक्षायादीत घ्यावे’ एवढे लिहिले की काम झाले.

कागलकर : आमच्या डॉक्टरांकडे सकाळी नऊला कंपाउंडरकडे नंबर लावावा लागतो. एकदा नंबर गेला की गेला; मागच्या महिन्यात मला बाराव्या नंबरावरून थेट शेवटी बसवले. आपण रद्दच करत असाल तर आगाऊ भरलेले पैसे परत मागायला विसरू नका.

राजारामपुरीकर : कागलकर, रद्द करायचे नाही, वेळ बदलून घ्यायची आहे. पैसेही अद्याप भरलेले नाहीत.

मंगळवार पेठकर : मी गेली काही वर्षे दातांच्याच एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते, म्हणून ही चिठ्ठी ज्या टेबलावर वाचली जाईल तिथून सांगते. मूळ मसुद्यातील ‘रद्द यादी’ हा शब्द सर्वांत धोक्याचा आहे. अशी चिठ्ठी आली, तर मी अठरा तारखेच्या पानावर आपल्या नावावर आडवी रेघ मारीन आणि साडेचारची वेळ दुसऱ्याला देऊन मोकळी होईन, कारण ‘रद्द यादीत नाव घाला’ याचा अर्थ मराठी वाचणारा माणूस ‘माझे नाव रद्द करा’ असाच घेतो. कागलकरांनीही तसाच घेतला, यात त्यांचा दोष नाही. (त्यांच्या दवाखान्यासारखी रोजच्या रोज नंबराची पद्धत असेल, तर अशी यादीच नसते.)

शाहूपुरीकरांचा ‘प्रतीक्षायादी’ हा शब्द चुकीचा नाही, पण अपुरा आहे. रेल्वेच्या प्रतीक्षायादीत असलेल्या माणसाच्या हाती पक्के तिकीट नसते. इथे मात्र आपल्याला नवी वेळ पक्की हवी आहे आणि त्याशिवाय मध्येच एखादी वेळ मोकळी झाली तर तीही हवी आहे. नुसते ‘प्रतीक्षायादीत घ्यावे’ असे लिहिले, तर समोरच्याला वाटते की यांना पक्की तारीख नकोच, कोणी गळाले तर फोन करू. आणि कोणी गळालेच नाही, तर तात्पुरते सिमेंट भरलेला दात घेऊन आपण महिनाभर थांबता. तेव्हा आधी नवी वेळ मागावी, आणि ‘ती कायम ठेवून’ हे शब्द घालून मगच दुसरी विनंती करावी. या तीन शब्दांवर सगळी चिठ्ठी उभी आहे.

शाहूपुरीकर : ‘कायम ठेवून’ हे मान्य. परंतु ‘अपरिहार्य कारणास्तव’ याला हरकत काय असावी? कारण सांगणे बंधनकारक नाही.

मंगळवार पेठकर : बंधनकारक नाहीच, पण त्या दोन शब्दांतून मला काहीच कळत नाही. ‘त्या दुपारी परीक्षेचे काम लागल्यामुळे’ एवढे लिहिले, तर अडचण फक्त दुपारचीच आहे हे समजते. मग त्याच दिवशी सकाळी साडेदहाची वेळ मोकळी असली, तर ती मी लगेच देऊ शकते आणि पुढचा सगळा खटाटोप वाचतो. ‘क्लॅश’साठी वेगळे नाम शोधण्यापेक्षा ‘त्याच वेळी दुसरे काम आले’ हे साधे वाक्य बरे.

गडहिंग्लजकर : ‘पुढे घ्यावी’ याबद्दल कोणीच बोलले नाही. आमच्या घरी ‘लग्न पुढे घेतले’ म्हणजे नंतरच्या मुहूर्तावर नेले. पण माझे कार्यालयातील एक सहकारी ‘बैठक पुढे घेतली’ असे म्हणतात, तेव्हा ती ठरल्यापेक्षा लवकर झालेली असते. ‘पुढे ढकलावी’ म्हटले की शंका उरत नाही. दुसरा तसाच फसवा शब्द ‘आधीची’. ‘आधीची वेळ मिळाल्यास कळवावे’ यात आधीची म्हणजे २७ च्या अगोदरची, की आधी ठरलेली मंगळवारचीच?

मंगळवार पेठकर : हा मुद्दा अगदी बरोबर आहे. ‘आधीची वेळ चालेल’ असे लिहिल्यावर ‘म्हणजे जुनीच ठेवू का?’ असे विचारायला मला फोन करावा लागला आहे. तारीख लिहून ‘२७ तारखेच्या अगोदरची’ म्हटले की घोळ होत नाही.

आणखी दोन गोष्टी चिठ्ठीत हव्यात. पहिली, काम कोणते. रूट कॅनालच्या सिटिंगला आम्ही साधारण तासभर राखून ठेवतो. कोणाची वीस मिनिटांची तपासणी रद्द झाली, तर ती वेळ आपल्या उपयोगाची नाही, आणि काम लिहिलेले नसेल तर आपल्याला उगाच बोलावले जाईल. दुसरी, किती अगोदर कळवले तर येता येईल. मोकळी झालेली वेळ भरायला माझ्या हाती बहुधा सकाळचे दोन-तीन तासच असतात. राजारामपुरीतून येणाऱ्याला अर्धा तास पुरतो, पण गडहिंग्लजहून एसटीने येणाऱ्याने ‘आदल्या दिवशी कळवावे’ असे स्पष्ट लिहिलेले बरे. फोन उचलला गेला नाही, तर मी यादीतल्या पुढच्या नावाकडे जाते. म्हणून कोणत्या वेळेत फोन घेता येईल हेही लिहावे.

राजारामपुरीकर : या सर्वांना धरून पुन्हा लिहिले आहे :

‘नमस्कार. मंगळवार, दि. १८ रोजी दुपारी साडेचार वाजता रूट कॅनालच्या दुसऱ्या सिटिंगसाठी माझी वेळ ठरली आहे. त्या दुपारी महाविद्यालयात परीक्षेचे काम लागल्यामुळे मला येता येणार नाही. कृपया ही वेळ पुढे ढकलून गुरुवार, दि. २७ रोजी दुपारी चारनंतरची वेळ द्यावी. ती वेळ कायम ठेवून, २७ तारखेच्या अगोदर कोणी आपली वेळ रद्द केल्यास मला कळवावे, अशी विनंती आहे. मंगळवार सोडून कोणत्याही दिवशी, एक तास अगोदर कळवल्यास मी येऊ शकेन. सकाळी अकरापर्यंत व दुपारी दोननंतर फोन घेता येईल.’

यादीचे नाव शेवटी कुठे आलेच नाही.

मंगळवार पेठकर : नावाची गरज नाही. आम्ही आपसात ‘वेटिंगला ठेव’ म्हणतो, पण प्रत्येक दवाखान्याचा शब्द वेगळा असतो. ‘कोणी रद्द केल्यास कळवावे’ हे सगळीकडे कळते. मात्र दुपारी दोनपर्यंत फोन बंद असेल, तर दुपारच्या वेळा आपल्याला क्वचितच मिळतील. त्या बहुतेक बारा-एकच्या सुमारासच मोकळ्या होतात. तेवढ्या वेळेसाठी घरच्या कोणाचा तरी नंबर द्यावा. आणि तात्पुरते सिमेंट निघाले किंवा दात ठणकू लागला, तर यादीची वाट न पाहता थेट फोन करावा. त्या रुग्णांना आम्ही मध्येच घेतो.

शाहूपुरीकर : मसुदा चांगला झाला आहे. तरीही ‘सिटिंग’ऐवजी ‘बैठक’ लिहिता आले असते.

गडहिंग्लजकर : ‘रूट कॅनालची दुसरी बैठक’ असे वाचून कोणीतरी इतिवृत्त मागेल. माझे मत सिटिंगलाच. बाकी, ‘पुढे घेणे’ म्हणजे अलीकडे की पलीकडे, हे इथल्या इतर मंडळींच्या बोलण्यात कसे आहे, ते अजून ऐकायचे आहे.

कागलकर : आमच्याकडे पलीकडे. पण माझी बायको निपाणीची. तिला विचारून सांगतो.