मदत हवी आहे: आठवड्यात तीन उपास, सहा माणसं आणि रोज उरणारं अन्न

पोळीभाजी_ठाणे
घरात सहा जण आहोत: मी, नवरा, सासू-सासरे, मुलगी अकरा वर्षांची आणि मुलगा सहा. आईंचा सोमवार आणि दोन्ही एकादश्या. सोमवार संध्याकाळी सोडतात, एकादशी मात्र दोन्ही वेळ, मग द्वादशीला सकाळी सोडायची. बाबांचा गुरुवार, रात्री सोडतात. माझी संकष्टी.

मी दोनदा कागदावर आठवड्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर लावलं. दोन्ही वेळा मंगळवारपर्यंतच टिकलं. रविवारी दुपारी मोठा स्वयंपाक होतो, त्यातलं वरण, भात, एखादी भाजी उरते. सोमवारी आईंचा उपास, म्हणून ते कोणी संपवत नाही. वर मुलं खिचडी बघितली की डबा नको म्हणतात. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्याकडे उपास नसणाऱ्यांना लागू आहे! मंगळवारी सकाळी मी फ्रिज उघडते तर पाच डबे आणि पालक पिवळा पडलेला.

आईंचा एक नियम: उपास सोडताना पानात शिळं चालणार नाही. मला तो मोडायचा नाही. पदार्थांच्या पाककृती नकोत, फक्त काय कधी आणायचं आणि जादा कधी करायचं ते सांगा.

निवांत
ताई, सोपं आहे. रविवारी आठवड्याचा सगळा साबुदाणा भिजवून फ्रिजमध्ये टाका. लागेल तसा काढायचा. उपासाचं अर्धं काम तिथेच संपतं.

साखरभात
माझ्या आईला मधुमेह आहे आणि तीही सोमवार धरते. साबुदाणा बंद करून भगर दिली तर चालेल का? डॉक्टर म्हणाले की उपासच नको, पण ती ऐकत नाही. इथे कोणी समजावलंय का घरच्यांना?

पोळीभाजी_ठाणे
@साखरभात, माझा प्रश्न तो नाही हो. आणि औषधं चालू असतील तर इथे विचारून काही ठरवू नका, डॉक्टरांसमोरच आईंना बसवा.

डबेवाल्या_काकू
मी बावीस वर्षं घरगुती डबे दिले, त्यात उपासाचे वेगळे असायचे. तुमच्या वेळापत्रकात पदार्थ लिहिलेत, ताटं मोजलेली नाहीत. रोजच्या दोन वेळा लिहा आणि पुढे फक्त आकडा: साध्या जेवणाची ताटं किती. सोमवारी दुपारी तुमच्याकडे सहा नाही, पाच. मुलं खिचडी खाणारच असतील तर तीन. तुम्ही स्वयंपाक सहांचा करता आणि मग उरलेल्याचं काय करू म्हणून विचारता.

दुसरं, तुम्ही जादा अन्न उपासाच्या आदल्या दिवशी करता. ते उलटं करा. सोमवारी संध्याकाळी आईंसाठी ताजं करायचंच आहे, तेव्हा वरण किंवा उसळ दीडपट करा. आईंच्या पानात ताजं गेलं, आणि उरलेलं मंगळवारच्या डब्यात, जेव्हा कोणाचाच उपास नसतो. गुरुवारी रात्रीही तसंच, उरलेलं शुक्रवारी सकाळी. रविवारी मात्र हात आखडता घ्या, भात तर मोजूनच.

एकादशीला हे चालत नाही, कारण त्या दिवशी रात्रीही आईंचं ताट नाही आणि द्वादशीला सकाळी ताजंच लागणार. म्हणून दशमीच्या रात्री जादा नको आणि एकादशीच्या रात्री पाचांचंच करा.

पोळीभाजी_ठाणे
काकू, सोमवारी संध्याकाळी दीडपट हे डोक्यात आलंच नव्हतं! पण एकादशी दर वेळी वेगळ्या वाराला येते. छापील तक्ता कसा टिकणार?

डबेवाल्या_काकू
वारांचा तक्ता कायमचा ठेवा, तिथीचे उपास त्यावर पेन्सिलीने. कालनिर्णय घेऊन बसलात की एक गोष्ट दिसेल. शुद्ध एकादशीनंतर साधारण आठ दिवसांनी संकष्टी, तिच्यानंतर साधारण सात दिवसांनी वद्य एकादशी. म्हणजे संकष्टी आणि पुढची एकादशी बहुधा त्याच वाराला किंवा एक दिवस मागेपुढे. त्यानंतर पंधरा दिवस तुमच्या घरी तिथीचा उपास नाही. अमावास्येच्या आसपासचा हा काळ मोकळा. मी महिन्याचा किराणा तेव्हाच भरायचे आणि फ्रिजही तेव्हाच रिकामा करायचे. आणि हो, स्मार्त-भागवत अशा दोन एकादश्या लागोपाठ दिसल्या तर तुमच्या घरी कुठली धरतात ते आधी विचारा. नाहीतर खिचडी एक दिवस आधी तयार!

@निवांत, साबुदाणा भिजवून फ्रिजमध्ये दोन दिवस ठीक राहतो. गुरुवारी रविवारचा काढलात तर आंबूस वास येईल आणि दाणा बोटांत दाबला की पीठ होईल. रविवारी रात्री सोमवारचा आणि बुधवारी रात्री गुरुवारचा, इतकंच.

निवांत
बरं, दोन दिवस तर दोन दिवस. माझ्याकडे एकटाच उपास करणारा, तोही मी, त्यामुळे कधी चौथ्या दिवसापर्यंत उरलाच नाही.

मंडईकर
भाजीचं मी सांगतो, रोज विकतो. आठवड्याची भाजी एकदम नेऊ नका. रविवारी संध्याकाळी एक पालेभाजी न्या, ती सोमवारी रात्री किंवा फार तर मंगळवारी संपली पाहिजे. सोबत भेंडी किंवा गवार, ती मंगळवार-बुधवारला. बुधवारी दुसरी फेरी, त्यात बाबांसाठी रताळी आणि केळी. केळी रविवारी नेलीत तर गुरुवारपर्यंत काळी पडतील, आणि मग तुम्ही आमच्या नावाने बोंब मारणार. शेवटच्या दोन दिवसांना कोबी, दुधी, लाल भोपळा. पालेभाजी धुऊन ठेवू नका, निवडून कोरड्या फडक्यात.

पोळीभाजी_ठाणे
तुमचं सगळ्यांचं धरून या आठवड्याचं लिहिते. सोमवार सकाळ साधी ताटं तीन, खिचडी आईंना आणि मुलांना, कोरडा साबुदाणा दीड वाटी. आमच्याकडे एका वाटीत दोघांचं होतं. रात्री पालक आणि मुगाचं वरण दीडपट, ताटं सहा. मंगळवारी डब्याला तेच वरण घट्ट करून, पोळ्यांबरोबर. बुधवारी काही उरवायचं नाही, रात्री साबुदाणा भिजत. गुरुवारी सकाळी ताटं तीन, रात्री मटकीची उसळ दीडपट. त्यासाठी मटकी मंगळवारी रात्री भिजत आणि बुधवारी सकाळी फडक्यात बांधून. शुक्रवारी डब्यात उसळ.

दाण्याचं कूटही मी किलोभर करून ठेवायचे, ते खवट व्हायचं. आता दाणे भाजून डब्यात आणि कूट आठवड्यापुरतंच.

डबेवाल्या_काकू
छान. उसळ-वरण जेवणं झाली की लगेच फ्रिजमध्ये, सकाळी उकळी येईपर्यंत गरम. भात तर रात्रभर ओट्यावर ठेवूच नका, फोडणी दिली म्हणून बिघडलेला भात सुधारत नाही. उरलेली खिचडी गार झाली की दाणे कडक होतात. त्यात उकडलेला बटाटा कुस्करून थालीपीठ थापा, त्याच दिवशी संध्याकाळी मुलं खातात.

रविवारचा_पाहुणा
हे सगळं ठीक, पण आमच्याकडे रविवारी मटण असतं. सोमवारी आई त्या भांड्यांनाही हात लावत नाहीत. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये ठेवला तरी कुरकुर. त्याचं कुठे बसवायचं?

डबेवाल्या_काकू
शनिवारी रात्री करा, रविवारी दुपारी संपवा.

रविवारचा_पाहुणा
शनिवारी आमच्या बाबांचा मारुतीचा उपास असतो काकू.

पोळीभाजी_ठाणे
😀 मला आणखी एक अडलंय. पुढच्या महिन्यात संकष्टी नेमकी सोमवारी आहे. आईंचा उपास संध्याकाळी सुटणार, माझा चंद्रोदयानंतर, म्हणजे नऊच्या पुढे. आईंना सातला ताजं, मला नवाला ताजं, मुलांना आठला. तीनदा गॅस पेटवू का? आईंना विचारलं, तर म्हणाल्या, मी थांबेन चंद्रोदयापर्यंत. पण त्यांची साखर कमी होते, ते मला नको आहे. कोणाच्या घरी असा योग आला असेल तर सांगा.